हनुवटीखालचा पट्टा

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संपादित संहिता)



मोटार वाहन कायद्याच्या 129व्या कलमाला शेवटी एक छोटे स्पष्टीकरण जोडलेले आहे. हेल्मेट कशाला म्हणायचे, हे त्यात सांगितले आहे. कायदा त्यासाठी दोन अटी घालतो. पहिली अशी की, हेल्मेटचा आकार, त्याचे साहित्य आणि त्याची बांधणी पाहता अपघातात त्याने काही प्रमाणात तरी संरक्षण द्यावे, अशी रास्त अपेक्षा ठेवता आली पाहिजे. दुसरी अशी की, त्यालाच असलेल्या पट्ट्याने किंवा बंदाने ते घालणाऱ्याच्या डोक्याला घट्ट बांधलेले असले पाहिजे. या दोन अटी ‘आणि’ने जोडलेल्या आहेत, ‘किंवा’ने नव्हे. म्हणजे चांगले, महागाचे, शिक्का असलेले हेल्मेट डोक्यावर आहे पण पट्टा दोन्ही बाजूंनी लोंबतो आहे, तर कायद्याच्या लेखी त्या माणसाने हेल्मेट घातलेलेच नाही.

कोणत्याही मोठ्या शहरातल्या सिग्नलपाशी पाच मिनिटे उभे राहिले तर या दुसऱ्या अटीचे काय झाले ते दिसते. कोणाचे हेल्मेट कोपरात अडकवलेले असते, कोणाचे आरशाला टांगलेले. चौक जवळ आला की ते डोक्यावर चढते आणि चौक ओलांडला की उतरते. ज्यांच्या डोक्यावर ते असते, त्यांच्यातल्याही कित्येकांच्या पट्ट्याचे बक्कल उघडे असते. मागे डबलसीट बसलेल्याच्या डोक्यावर तर बहुधा काहीच नसते. हेल्मेटच्या सक्तीवर महाराष्ट्रात पुष्कळ वाद झाले, पण पट्ट्याबद्दल फार कोणी बोलले नाही. मानक, मागे बसणारा माणूस आणि लहान मूल हे हेल्मेटचे तिन्ही प्रश्न मात्र या पट्ट्याशीच येऊन थांबतात.

आधी नुकसान किती आहे ते पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. त्यांपैकी 50,029 जण हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार होते. यांत गाडी चालवणारे 35,692 आणि मागे बसलेले 14,337. हेल्मेटशिवाय गेलेल्या दर सात जणांपैकी दोघांच्या हातात गाडीचे हँडलही नव्हते. सगळ्यांचाच मृत्यू डोक्याला मार लागून झाला, असे हा आकडा म्हणत नाही. पण हेल्मेटच्या उपयोगाचे वेगवेगळे अभ्यास एकत्र तपासून 2008मध्ये जो आढावा प्रसिद्ध झाला, त्याचा निष्कर्ष असा होता की, हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराचा मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो.

महामार्गावर हेल्मेट मान्य, पण शहराच्या हद्दीत नको, ही पुण्यातल्या विरोधकांची जुनी भूमिका. जानेवारी 2019मध्ये पोलिसांनी कारवाई कडक केली, तेव्हाही ती पुन्हा मांडली गेली. गर्दीच्या रस्त्यावर गाडी तीसच्या वर जातच नाही, मग हेल्मेट कशाला, असा तो युक्तिवाद आहे. त्यात एक गोष्ट सुटते. गाडीचा वेग पुढच्या दिशेने असतो, पण डोके रस्त्यावर आदळते ते खालच्या दिशेने. स्कूटरवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असते. तेवढ्या उंचीवरून कोणतीही वस्तू सुटली तर जमिनीला टेकताना तिचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटर होतो. म्हणजे गाडी सिग्नलला उभी असताना कोणी धक्का दिला आणि माणूस आडवा झाला, तरी डोके जवळपास वीसच्या वेगाने डांबरावर किंवा पदपथाच्या दगडी कडेवर आपटू शकते. गाडी तीसने धावत होती की साठने, याचा या उभ्या आघाताशी संबंध नाही. पुढच्या वेगाने त्यात घसरत जाणे आणि आणखी कशावर तरी आपटणे यांची भर पडते.

आता त्या आदळण्यात काय घडते ते पाहा. चालते डोके थांबायला जागा किती मिळते, यावर मेंदूला बसणारा हिसका ठरतो. कवटी थेट दगडावर आदळली तर थांबायला जेमतेम तीनचार मिलिमीटर मिळतात. हेल्मेटच्या बाहेरच्या कवचाखाली फेसासारखा एक जाड, पांढरा किंवा काळा थर असतो, ज्याला आपल्याकडे सरसकट थर्माकोल म्हणतात. आघात झाला की हा थर चेपतो आणि डोक्याला थांबण्यासाठी दोनतीन सेंटिमीटर मोकळे करून देतो. अंतर दहापट वाढले की सरासरी हिसका दहापट कमी होतो. ताशी 27 किलोमीटर वेगाने येणारे डोके तीन मिलिमीटरमध्ये थांबवायचे तर गुरुत्वाकर्षणाच्या साडेनऊशे पटींहून अधिक हिसका बसतो आणि तीस मिलिमीटरमध्ये थांबवले तर तो शंभर पटींच्या आत येतो. हेल्मेटचे खरे काम हा चेपणारा थर करतो. बाहेरचे कवच आघात पसरवते आणि टोकदार वस्तू आत शिरू देत नाही.

ताशी 27 किलोमीटर हा आकडा सहज निवडलेला नाही. युरोपातल्या हेल्मेटविषयक 22 क्रमांकाच्या नियमात अनेक वर्षे हाच वेग मुख्य चाचणीसाठी वापरला गेला. हेल्मेटमध्ये धातूचे कृत्रिम डोके बसवून ते सेकंदाला साडेसात मीटर वेगाने एकदा सपाट पोलादावर आणि एकदा रस्त्याच्या कडेच्या दगडासारख्या कोनावर आपटतात. आतल्या डोक्याला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या 275 पटींच्या वर गेला तर हेल्मेट नापास. आपल्या आयएस 4151 या मानकातही आघात, टोकदार वस्तूचा घाव, कवचाचा कडकपणा आणि पट्टा यांच्या चाचण्या आहेत.

पट्ट्याची चाचणी मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. युरोपीय नियमात त्यासाठी दोन वेगवेगळ्या परीक्षा आहेत. पहिलीत पट्टा कृत्रिम हनुवटीखाली बांधतात आणि त्याला दहा किलोचे वजन पाऊण मीटर उंचीवरून झटका देते. त्या झटक्यात पट्टा 35 मिलिमीटरपेक्षा जास्त ताणला जाता कामा नये. दुसरी परीक्षा अधिक कठीण आणि प्रत्यक्ष अपघाताच्या जास्त जवळची. हेल्मेटच्या मागच्या खालच्या कडेला आकडा अडकवून, दहा किलो वजन अर्धा मीटर पडू देऊन ते पुढच्या बाजूला उलटवण्याचा प्रयत्न करतात. त्यात हेल्मेट 30 अंशांहून अधिक फिरले तर ते नापास होते. या दुसऱ्या परीक्षेचे कारण एक अपघात डोळ्यांसमोर आणला की कळते.

समजा, कर्वे रस्त्यावर एक जोडपे स्कूटरवरून तीसच्या वेगाने चालले आहे. दोघांच्या डोक्यावर शिक्क्याचे हेल्मेट आहे. चालवणाऱ्याचा पट्टा आवळलेला आहे, मागे बसलेल्या बाईंचे हेल्मेट घरात पडून असलेले, एक माप मोठे आणि पट्टा उघडा. डावीकडची रिक्षा एकदम वळते. स्कूटरचे पुढचे चाक तिच्या मागच्या कोपऱ्याला घासते आणि गाडी उजवीकडे आडवी होते. बाईंचा खांदा आधी टेकतो, मग डोक्याची मागची बाजू शेजारून जाणाऱ्या मोटारीच्या दाराला ओझरती घासते. हा आघात फार मोठा नाही. पण हेल्मेटच्या मागच्या कडेला खालून वर धक्का बसतो, मोकळे हेल्मेट पुढे कपाळावरून फिरते आणि निसटून जाते. इथवर अर्धा सेकंदही गेलेला नाही. त्यानंतर डोके रस्त्यावर येते, वीसच्या वेगाने आणि उघडे. चालवणाऱ्या गृहस्थांचेही डोके दोनदा आदळते, पण दोन्ही वेळा त्यांच्या आणि दगडाच्या मध्ये तो चेपणारा थर असतो. दुचाकीचा अपघात सहसा एका आघातात संपत नाही. माणूस गाडीवर, बॉनेटवर, दुभाजकावर आणि शेवटी रस्त्यावर असा आदळत जातो. पट्टा असतो तो हेल्मेट शेवटच्या आदळण्यापर्यंत डोक्यावर टिकावे म्हणून.

म्हणूनच दुकानात हेल्मेट घेताना आरशात पाहण्याआधी दोन गोष्टी करून पाहाव्यात. पट्टा आवळून हनुवटीखाली एक, फार तर दोन बोटे जेमतेम शिरतील इतका घट्ट करावा. मग दोन्ही हातांनी हेल्मेटची मागची कड धरून वर आणि पुढे जोर लावावा. ते डोळ्यांवर सरकत कपाळावरून निघू लागले तर माप मोठे आहे किंवा पट्ट्याची जागा चुकीची आहे. दुसरी गोष्ट म्हणजे हेल्मेट दोन्ही बाजूंनी धरून डावीउजवीकडे फिरवावे. गालांची आणि कपाळाची कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली पाहिजे. हेल्मेट कातडीवरून नुसते घसरत असेल तर ते सैल आहे. आतल्या गाद्या वापराने बसतात, त्यामुळे नवे हेल्मेट किंचित घट्टच हवे. पट्टा हनुवटीच्या टोकाशी नव्हे, तर तिच्या मागे, गळ्याच्या बाजूला जबड्याच्या हाडाखालून जायला हवा. काही स्वस्त हेल्मेटांना हनुवटीच्या टोकावर बसणारी प्लॅस्टिकची वाटी असते. ती झटक्यात सहज सरकते, म्हणून युरोपीय नियम अशी वाटी चालवून घेत नाही.

महाराष्ट्रात उन्हापासून आणि धुळीपासून बचावासाठी स्कार्फ बांधायची पद्धत आहे. स्कार्फची जाड गाठ किंवा घड्या पट्ट्याखाली आल्या तर पट्टा आवळल्यासारखा वाटतो, पण झटका बसला की कापड चेपते आणि तेवढी ढील मोकळी होते. अंबाड्यामुळे हेल्मेट मागून उचललेले राहते आणि कपाळ उघडे पडते. केस मानेपाशी खाली बांधले आणि स्कार्फ एकेरी, गाठ बाजूला घेऊन गुंडाळला की ही अडचण सुटते. उष्म्याची तक्रारही खरी आहे. उत्तर शोधायचे तर हवा खेळण्याच्या खाचा आणि धुता येणाऱ्या गाद्या असलेले हेल्मेट निवडावे. पट्टा सैल सोडून उकाडा कमी होत नाही.

आता शिक्क्याविषयी. नोव्हेंबर 2020मध्ये केंद्र सरकारने दुचाकीस्वारांच्या हेल्मेटसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि 1 जून 2021पासून आयएसआय चिन्हाशिवाय असे हेल्मेट बनवणे, साठवणे आणि विकणे बेकायदा ठरले. खऱ्या चिन्हावर तीन गोष्टी असतात. मध्ये आयएसआयची खूण, वर IS 4151 हा मानकाचा क्रमांक आणि खाली CM/L पासून सुरू होणारा परवाना क्रमांक. यातली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण खूण कोणीही छापू शकतो. भारतीय मानक ब्युरोच्या BIS Care या ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की परवाना कोणाचा आहे आणि तो चालू आहे की नाही, हे दिसते. जुलै 2025मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दिल्लीतल्या एका कारवाईची माहिती दिली होती. तिथे ज्यांचे परवाने संपले होते किंवा रद्द झाले होते अशा नऊ उत्पादकांकडून अडीच हजारांहून अधिक हेल्मेट जप्त झाली. अशा हेल्मेटवर खूण असते, क्रमांकही असतो, फक्त त्या क्रमांकामागे आता कोणी तपासणारा नसतो.

चौकाचौकात पथारीवर विकले जाणारे हलके हेल्मेट हाताने तपासायचे असेल तर आत बोटे घालून गादी बाजूला करावी. खाली कडक, एकसंध, बोटभर जाडीचा थर लागला पाहिजे. नुसता मऊ स्पंज आणि त्यामागे थेट प्लॅस्टिक लागले तर ती टोपी आहे. हा थर एकदाच चेपतो, फुगून पूर्ववत होत नाही. म्हणून ज्या हेल्मेटने एकदा मोठा आघात झेलला, ते बाहेरून धडधाकट दिसले तरी बदलायचे. पेट्रोल आणि रंगात मिसळायचा थिनर यांनी हा थर विरघळतो, त्यामुळे पेट्रोलच्या बोळ्याने हेल्मेट पुसू नये.

मागे बसणाऱ्याविषयी कायद्यात संदिग्धता नाही. 2019च्या दुरुस्तीनंतरचे 129वे कलम चार वर्षांवरील प्रत्येकाला लागू आहे, मग तो गाडी चालवत असो किंवा तिच्यावर नेला जात असो. पगडी बांधणारे शीख तेवढे वगळले आहेत. दंडाचे 194ड हे कलम मात्र नीट वाचायला हवे. त्यातला हजार रुपयांचा दंड आणि तीन महिन्यांची परवाना अपात्रता लागते ती नियम मोडून गाडी चालवणाऱ्याला किंवा तशी चालवू देणाऱ्याला. मागच्या माणसाच्या उघड्या डोक्याची जबाबदारी कायद्याने पुढच्या माणसावर टाकली आहे. मुंबईत वाहतूक पोलिसांनी जून 2022पासून मागे बसणाऱ्यांवर कारवाई सुरू केली. नोव्हेंबर 2024मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी ई-चलानच्या यंत्रात चालक आणि मागे बसणारा अशी दोन वेगळी शीर्षके करायला सांगितली. तोवर दोघांची नोंद एकाच शीर्षकाखाली होत असे. वेगळी नोंद झाली की मागच्यांवर खरोखर कारवाई होते की नाही, हे मोजता येते. उघड्या पट्ट्यालाही असेच स्वतंत्र शीर्षक मिळायला हवे.

सर्वांत अवघड प्रश्न मुलांचा. इथे व्हिएतनामचा अनुभव उपयोगी आहे, कारण तो देशही आपल्यासारखाच दुचाकीवर चालतो. तिथे 15 डिसेंबर 2007पासून सर्व रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचे झाले आणि मोठ्यांमध्ये ते जवळपास सार्वत्रिक झाले. वीस रुग्णालयांच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात जखमींमधील डोक्याच्या दुखापतीचा धोका 16 टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका 18 टक्क्यांनी घटलेला दिसला. पण आईवडील हेल्मेटमध्ये आणि मध्ये बसलेले मूल बोडके, हे दृश्य कायम राहिले. मुलांना दंड करता येत नव्हता आणि नेणाऱ्या मोठ्यांना दंड करायची तरतूद नव्हती. शिवाय हेल्मेटच्या वजनाने मुलाच्या मानेला इजा होते, अशी पालकांना भीती होती. 2010मध्ये सहा वर्षांवरील मुलाच्या उघड्या डोक्यासाठी गाडी चालवणाऱ्याला जबाबदार धरले गेले, तेव्हा ती फट बुजली.

भारतात ही फट चार वर्षांवरच्या मुलांसाठी कायद्यानेच बुजवलेली आहे. चार वर्षांखालच्यांसाठी फेब्रुवारी 2022मध्ये वेगळा नियम अधिसूचित झाला आणि तो वर्षाने, म्हणजे फेब्रुवारी 2023मध्ये, लागू झाला. त्याचे तीन भाग आहेत. मुलाला बंडीसारखा सुरक्षा पट्टा घालायचा. तो हलका, जलरोधक, मजबूत नायलॉनचा आणि 30 किलो वजन पेलणारा हवा. त्याचे खांद्यांचे बंद चालवणाऱ्याने स्वतःच्या खांद्यांवर चढवायचे, म्हणजे मुलाचे धड मोठ्या माणसाशी बांधले जाते. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाच्या डोक्यावर त्याच्या मापाचे हेल्मेट हवे. भारतीय मानक तयार होईपर्यंत ठरावीक अमेरिकन किंवा युरोपीय मानकाचे सायकलचे हेल्मेटही चालते. आणि गाडीचा वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर जाता कामा नये. नऊ महिन्यांखालच्या बाळाच्या हेल्मेटबद्दल नियम काहीच सांगत नाही. त्या वयात मान डोके जेमतेम पेलते, म्हणून इतक्या लहान बाळाला दुचाकीवर न नेणे हाच खरा उपाय उरतो.

मापाचे हेल्मेट म्हणजे काय, ते फितीने कळते. चार वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर, कपाळावरून मोजला तर, सुमारे 50 सेंटिमीटर भरतो. वडिलांचे मध्यम मापाचे हेल्मेट साधारण 57 सेंटिमीटरच्या डोक्यासाठी असते. घेरातला हा सात सेंटिमीटरांचा फरक म्हणजे डोक्याभोवती सगळीकडून एक सेंटिमीटरहून जास्त पोकळी. ती पट्टा आवळून भरत नाही, कारण पट्टा हेल्मेट खाली ओढतो, आत घट्ट धरत नाही. ते मुलाच्या डोळ्यांवर येते, मूल ते मागे ढकलते आणि कपाळ उघडे पडते. मोठ्या हेल्मेटात कापड कोंबणे हाही उपाय नाही. आघातात कापड आधी चेपते, तेवढा वेळ डोके हेल्मेटमध्ये मोकळे फिरते आणि मग ते कडक थरावर आदळते. मोठ्यांच्या हेल्मेटचे वजनही मुलाच्या मानेला जास्त होते. पालकांच्या जुन्या भीतीत खरे एवढेच आहे आणि त्यावरचा उपाय मुलाच्या मापाचे, हलके हेल्मेट घेणे हा आहे.

स्कूटरच्या पुढच्या फळीवर मुलाला उभे करून न्यायची सवय या सगळ्या नियमांच्या बाहेर राहते. तिथे मूल हँडल आणि चालवणाऱ्याच्या छातीमध्ये सापडते. गाडी एकदम थांबली की मुलाचे तोंड हँडलवर आपटते आणि मागून मोठ्या माणसाचे सगळे वजन त्याच्यावर येते. आईवडील आणि मूल अशी ट्रिपलसीट 128व्या कलमात बसत नाही. ते कलम चालवणाऱ्याखेरीज एकच माणूस नेऊ देते आणि मुलासाठी त्यात सूट नाही. घरात दुसरे वाहन नाही, हे कारण पुष्कळ कुटुंबांच्या बाबतीत खरे असते. म्हणून शाळेपर्यंतची बस किंवा सामायिक रिक्षा हा हेल्मेटच्या धोरणाचाच भाग मानला पाहिजे आणि पालक-शिक्षक सभांमध्ये त्याची मागणी झाली पाहिजे.

पोलिसांकडे आणि सरकारी रुग्णालयांकडे करायची मागणी त्याहून साधी आहे. दुचाकीच्या अपघाताच्या पंचनाम्यात ‘हेल्मेट होते की नव्हते’ याबरोबर तीन ओळी अधिक लिहाव्यात: पट्टा लावलेला होता का, हेल्मेट डोक्यावर टिकले की निसटले आणि त्यावर चालू परवान्याचा क्रमांक होता का. मुलाच्या बाबतीत त्याचे वय आणि हेल्मेटचे माप हेही त्यात यावे. दोनतीन वर्षांच्या नोंदी साठल्या की महाराष्ट्रात माणसे हेल्मेट नसल्यामुळे दगावतात, खोट्या हेल्मेटमुळे की उघड्या पट्ट्यामुळे, हे जिल्ह्यागणिक वेगळे काढता येईल आणि पथारीवर छापा टाकायचा, चौकात पट्टा तपासायचा की शाळांमध्ये मुलांच्या मापाची हेल्मेट पोहोचवायची, हे त्यावरून ठरवता येईल.